परवाना नसलेल्या हाताचा ब्रॅकेट

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी रविवारी माझ्याकडे आली. घर नागपुरातच, नंदनवन भागात. लॅपटॉप भावाचा, जुना. कॉलेजच्या लॅबमध्ये डिझाइनचं एक महागडं सॉफ्टवेअर आहे, पण आठवड्यातून दोनच तास मिळतात आणि एका संगणकावर तिघं बसतात. घरी सरावाला तिने फ्रीकॅड उतरवून घेतलं होतं. तिचा प्रश्न सरळ होता : "सर, हे फुकटचं आहे. यावर शिकलेलं हिंगण्याच्या कारखान्यात चालेल काय?"

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. त्याला "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर दिलं, तर ते अर्धवट ठरतं. म्हणून मी तिच्यासोबत एक छोटा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा ठरवलं : बिडाचा ओतीव ब्रॅकेट. एक पाय आडवा, एक उभा, एल अक्षरासारखा. आडवा पाय खालच्या चौकटीला दोन बोल्टनी बसतो, उभ्या पायातल्या भोकातून छोट्या मोटरचा शाफ्ट बाहेर येतो. हे प्रकरण त्या एकाच ब्रॅकेटबद्दल आहे.

१. परवान्यात नेमकं काय असतं?

डिझाइनचं सॉफ्टवेअर आपण कपाटासारखं विकत घेत नाही. पैसे भरून ते वापरण्याची परवानगी मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ती आता वर्षावर्षानं मिळते. व्यावसायिक परवान्याचं वर्षाचं शुल्क अनेकदा लाखाच्या घरात जातं. शिकणाऱ्या मुलांसाठी काही कंपन्या वेगळी सोय करतात. ऑटोडेस्कची शैक्षणिक सवलत फुकट आहे, पण ती एका वर्षाची असते. विद्यार्थी असल्याचं सिद्ध करत ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते आणि त्या प्रतीवर पैशाचं काम करता येत नाही. ज्याला ती मिळते त्यानं ती जरूर वापरावी.

अडचण येते ती दोन टप्प्यांच्या मधल्या माणसाची. डिप्लोमा संपला आहे, नोकरी लागायची आहे. किंवा आयटीआयचा ड्राफ्ट्समन संध्याकाळी मामाच्या वर्कशॉपसाठी चार ड्रॉइंग काढून देतो. हा आता विद्यार्थी नाही आणि कंपनीही नाही. अशा वेळी हातात येते ती चोरीची, कुलूप तोडलेली प्रत. ती पेनड्राइव्हवर फिरते आणि तिच्यासोबत व्हायरसही फिरतो.

फ्रीकॅडचा परवाना वेगळ्या जातीचा आहे. त्याचं नाव एलजीपीएल. त्यात चार गोष्टींची मुभा आहे : कुठल्याही कामासाठी वापरा, आतली रचना वाचा, बदला, आणि दुसऱ्याला द्या. 'कुठल्याही कामासाठी' हे शब्द महत्त्वाचे, कारण मामाच्या वर्कशॉपचं पैशाचं कामही त्यात आलं. विद्यार्थी असल्याचा पुरावा कुणी मागत नाही, आणि तारीख उलटली म्हणून फाइल उघडायची थांबत नाही.

फाइलचीही एक गंमत त्या विद्यार्थिनीला दाखवली. फ्रीकॅडच्या फाइलच्या नावाला `.FCStd` असं शेपूट असतं. तिची नक्कल काढून शेपूट `.zip` करा, ती साध्या दाबलेल्या फोल्डरसारखी उघडते. आत `Document.xml` नावाची मजकुराची फाइल असते. तुम्ही कोणतं पाऊल कोणत्या क्रमानं टाकलं, मापं कोणती दिली, ते सगळं त्यात वाचता येतं. उद्या हा प्रोग्रॅम बंद पडला, तरी तुमचं काम एखाद्या कंपनीच्या कुलपात अडकून राहत नाही.

२. चित्र काढणं आणि घडण सांगणं

ड्रॉइंग बोर्डवर आपण रेघ ओढतो. रेघ 80 मिलिमीटरची म्हणजे पट्टीनं मोजून 80 ओढलेली. उद्या 85 हवी असेल तर खोडा आणि परत ओढा. आजच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये, ते महागडं असो की फुकट, रीत उलटी आहे. आधी आकार अंदाजानं काढायचा, मग त्याला अटी घालायच्या. ही रेघ आडवी, ती उभी, हे टोक त्या टोकाला चिकटलेलं, इथून तिथवर 80. या अटी सांभाळत आकार कसा बसतो ते प्रोग्रॅम गणितानं काढतो. 80 चे 85 केले की सगळा आकार आपोआप सरकतो.

हे समजायला बांबूचा मांडव डोळ्यांसमोर आणा. नुसते बांबू उभे केले तर मांडव कुठेही कलतो. एकेक दोरी बांधली की कलण्याची एकेक दिशा बंद होते. पुरेशा दोऱ्या झाल्या की मांडव घट्ट. प्रोग्रॅमच्या भाषेत कलायला शिल्लक असलेल्या दिशांना 'मोकळीक' म्हणू. ती शून्यावर आणायची.

आता आपल्या ब्रॅकेटची मोकळीक मोजू. एल आकाराचा छेद सहा रेघांचा असतो. एका सुट्या रेघेला चार मोकळिकी असतात : दोन टोकं, प्रत्येक टोक डावी-उजवीकडे आणि वर-खाली जाऊ शकतं. सहा रेघांच्या मिळून 24. सहा कोपरे जोडले. एक कोपरा जोडला की दोन मोकळिकी जातात, म्हणून 12 गेल्या, 12 उरल्या. तीन रेघा आडव्या आणि तीन उभ्या असं सांगितलं, आणखी सहा गेल्या. बाहेरचा कोपरा कागदाच्या मूळबिंदूवर खिळला, दोन गेल्या. उरल्या चार.

त्या चारांसाठी चार अटी : आडवा पाय 80 लांब, उभा पाय 70 उंच, आडव्याची जाडी 6, आणि उभ्याची जाडी आडव्याइतकीच. शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. तिथेही 6 लिहून चाललं असतं. पण 'तेवढीच' म्हटल्यामुळे जाडी आता एकाच जागी राहते. चौथी अट पडली की रेखाटन हिरवं होतं, म्हणजे ते पूर्ण बांधलं गेलं.

विद्यार्थिनीनं उत्साहात आणखी एक माप टाकलं : उभ्या पायाची आतली उंची 64. प्रोग्रॅम कुरकुरला. 70 मधून 6 गेले की 64 होतातच, म्हणून ही दोरी जादाची. 64 च्या जागी 65 लिहून पाहायला सांगितलं तेव्हा तर दोऱ्या एकमेकींना ओढू लागल्या आणि अटी परस्परविरोधी असल्याचा इशारा आला. कारखान्यातल्या कागदी ड्रॉइंगवर हीच चूक कुणी पकडत नाही. एक कामगार 65 बघून कापतो, दुसरा 70 आणि 6 बघून.

३. भोक आरपार, की सहा मिलिमीटर?

छेद तयार झाला की त्याला जाडी द्यायची. फ्रीकॅडमध्ये या क्रियेला `Pad` म्हणतात. आपला ब्रॅकेट 60 मिलिमीटर रुंद. ही रुंदी मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना सारखी, तीस-तीस, वाढवा असं सांगितलं, म्हणजे पुढे भोकं मोजताना मध्य शोधत बसावं लागत नाही.

भोकांसाठी `Pocket` ही क्रिया. आडव्या पायात 9 मिलिमीटरची दोन भोकं, आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी. कोपऱ्यापासून 55 अंतरावर, मध्यापासून दोन्हीकडे 20. उभ्या पायात 22 चं एक भोक, 40 उंचीवर. भोकांची वर्तुळं ब्रॅकेटच्या पृष्ठावर काढण्याऐवजी मूळच्या आडव्या आणि उभ्या पातळीवर काढायला सांगितली. कारण पाचव्या भागात येईल.

इथे नवख्यांची पहिली फजिती होते. भोक पडतच नाही. `Pocket` आपण ज्या पातळीवर रेखाटन केलं तिच्या मागच्या बाजूला खोदतो, आणि आपल्या ब्रॅकेटचं सामान आहे पुढच्या बाजूला. प्रोग्रॅम हवेत खोदत बसतो. `Reversed` ही खूण केली की दिशा उलटते आणि भोक दिसू लागतं. "सर, भोक पडूनच नाही राहिलं," असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा हेच बघतो.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त महागात पडते. भोकाची खोली विचारली तेव्हा विद्यार्थिनीनं 6 लिहिलं. जाडी 6 आहे, तेव्हा 6 खोल खोदलं की आरपार. आत्ता बरोबरच. मग मी म्हटलं, पाय कमजोर वाटतो, जाडी 8 कर. तिनं एक आकडा बदलला, दोन्ही पाय जाड झाले, आणि ती खूश झाली. ब्रॅकेट फिरवून आतल्या बाजूनं पाहायला सांगितलं. भोकं बुजली होती. सहा खोदलं होतं, जाडी आठ झाली होती, आत दोन मिलिमीटरची पापडी उरली होती.

खोलीच्या जागी `Through all`, म्हणजे 'आरपार', असं निवडलं असतं, तर जाडी कितीही झाली तरी भोक आरपारच राहिलं असतं. 6 हा आकडा होता, 'आरपार' हा हेतू होता. बोल्टला आकड्याशी देणंघेणं नाही, त्याला पलीकडे निघायचं आहे. हेतू लिहायची ही सवयच शिकायची असते, आणि ती कोणत्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर लागली यानं काही बिघडत नाही. बाजारातल्या इतर प्रोग्रॅममध्ये `Pad` चं नाव एक्स्ट्रूड असेल आणि `Pocket` चं कट. पण आरपार हा पर्याय तिथेही असतो आणि सहा लिहिण्याची चूक तिथेही हीच पापडी ठेवते.

जाडी एका जागी ठेवण्याचा आणखी एक उपाय फ्रीकॅडमध्ये आहे. त्यात छोटा तक्ता असतो. त्याच्या एका घरात `6 mm` लिहायचं आणि घराला टोपणनाव द्यायचं, समजा `jadi`. मग मापाच्या खिडकीतल्या `fx` खुणेवर टिचकी मारून आकड्याऐवजी हे लिहायचं :

```
Spreadsheet.jadi
```

आता जाडी तक्त्यात राहते. दहा ठिकाणी ती वापरली असली तरी बदलायची एकाच घरात.

४. वजनानं पडताळा

पडद्यावर नीट दिसतं म्हणजे बरोबर आहे असं नाही, हे पापडीनं दाखवलं. मग तपासायचं कशानं? माझी जुनी सवय आहे : घनफळ हातानं काढायचं आणि प्रोग्रॅमच्या आकड्याशी जुळवायचं. याला पाच मिनिटं लागतात. फाउंड्रीत ओतकामाचा भाव किलोवर ठरतो, त्यामुळे हा हिशेब तिथेही लागतोच.

जाडी 6 असलेला ब्रॅकेट घेऊ. आडवा पाय 80 गुणिले 6, म्हणजे 480. उभ्या पायाचा उरलेला भाग 64 गुणिले 6, म्हणजे 384. छेदाचं क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर. रुंदी 60, म्हणून घनफळ 51,840 घन मिलिमीटर. त्यातून भोकं वजा. 9 च्या एका भोकाचे सुमारे 382, दोन मिळून 763. 22 च्या भोकाचे 2,281. उरले 48,796.

आणखी एक गोष्ट आहे. दोन पाय जिथे आतून मिळतात त्या कोपऱ्यात ताण साठतो, आणि ओतीव कामात तिथे भेग पडायचा धोका असतो. म्हणून तिथे 6 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई देतात. आतल्या कोपऱ्यात गोलाई दिली की सामान थोडं वाढतं. त्रिज्येच्या वर्गाला 0.2146 नं गुणायचं, मग लांबीनं : 36 गुणिले 0.2146 गुणिले 60, म्हणजे सुमारे 464. एकूण 49,259.

आता प्रोग्रॅमला विचारू. फ्रीकॅडच्या खालच्या पायथॉन खिडकीत ही एक ओळ टाकायची :

```
App.ActiveDocument.getObject("Body").Shape.Volume
```

आकडा 49259.3 च्या आसपास आला, म्हणजे घडण बरोबर. बिडाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 7.2 ग्रॅम धरली, तर तयार ब्रॅकेट 355 ग्रॅमचा. जाडी 8 केली की भोकं आरपार ठेवून घनफळ 64,565 होतं आणि वजन 465 ग्रॅम. पापडीवाल्या फाइलमध्ये मात्र आकडा 65,579 दिसतो, हजारानं जास्त. डोळ्यांना न दिसलेली चूक आकड्यात अशी उघडी पडते.

फाउंड्रीला देताना एक बारकावा लक्षात ठेवायचा. भोकं ओतल्यानंतर ड्रिलनं पाडतात, म्हणून तिथे जाणारं वजन भोकांशिवायचं असतं : 6 जाडीला 377 ग्रॅम. घासकामासाठी ठेवलेलं जादा सामान त्यावर आणखी.

५. पंगतीतलं तिसरं पान

फ्रीकॅडबद्दल सगळ्यात जास्त तक्रार झाली ती एका दोषाबद्दल. तो काय होता ते कळलं तर जुन्या आवृत्तीवरही सुखानं काम करता येतं, म्हणून इथे थोडं थांबू.

आपण गोलाई दिली ती एका कडेला. प्रोग्रॅम ती कड कशी लक्षात ठेवतो? घन आकाराच्या सगळ्या कडांना तो नंबर देतो, समजा `Edge7`. गोलाईच्या पावलात लिहिलेलं असतं, '`Edge7` ला सहाची गोलाई'. लग्नाच्या पंगतीत कुणी सांगितलं, तिसऱ्या पानावर अजून एक लाडू वाढ. वाढपी लाडू आणायला गेला तेवढ्यात उशिरा आलेले मामा पहिल्या पानावर बसले आणि सगळे एकेक पान सरकले. लाडू तिसऱ्याच पानावर पडला, पण तिथे आता दुसराच माणूस.

ब्रॅकेटमध्ये हे असं घडतं. ओतीव बैठक सपाट टेकावी म्हणून तळाला मधोमध खाच ठेवतात, म्हणजे फक्त दोन कडेचे पट्टे घासावे लागतात. समजा आपण मूळ रेखाटनात परत गेलो आणि तळाला 20 रुंद, 2 खोल खाच घातली. नव्या रेघा आल्या, नव्या कडा आल्या, नंबर सरकले. `Edge7` आता बाहेरचा कोपरा झाला असेल, तर गोलाई तिथे जाऊन बसते. कधीकधी प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. तो थांबला तर बरं. गपचूप भलत्या कडेला गोलाई दिली तर घात होतो.

ओळखायचं कसं? पुन्हा घनफळानं. खाचेमुळे 20 गुणिले 2 गुणिले 60, म्हणजे 2,400 कमी व्हायला हवेत. 49,259 चे 46,859. गोलाई बाहेरच्या कोपऱ्याला गेली असेल तर आत वाढलेले 464 जातात आणि बाहेरून आणखी 464 छाटले जातात. आकडा 45,932 दिसतो. 2,400 च्या जागी 3,327 ची घट झाली, की समजायचं पान सरकलं.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत यावर मोठं काम झालं. कडेला नुसता नंबर न देता ती कोणत्या पावलातून, कोणत्या रेघेतून जन्मली याची नोंद आता ठेवली जाते. थोडक्यात, 'तिसरं पान' म्हणण्याऐवजी 'नवरीचे काका' म्हणायचं. फ्रीकॅडचं काम जर्मनीतल्या युर्गन रीगल यांनी सुरू केलं आणि पहिली आवृत्ती 2002 मध्ये आली. 1.0 हा आकडा यायला 22 वर्षं लागली, आणि तो लांबण्यामागे हा दोष हे एक मोठं कारण होतं. तो पूर्ण संपला असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ कमी झाला आहे.

लॅबमध्ये किंवा मित्राच्या संगणकावर 0.19, 0.20 अशी जुनी आवृत्ती असेल तर दोन सवयी लावायच्या. रेखाटनं तयार झालेल्या पृष्ठावर न ठेवता मूळच्या तीन पातळ्यांवर ठेवायची, कारण त्या कधी सरकत नाहीत. म्हणूनच आपण भोकं तशी काढली. आणि गोलाया अगदी शेवटी द्यायच्या, म्हणजे त्यांच्यानंतर रचनेत भर पडत नाही.

६. कागदावर उतरवताना

घन आकारावरून ड्रॉइंगची दृश्यं काढायला फ्रीकॅडमध्ये टेकड्रॉ नावाचा विभाग आहे. ए3 कागदाची चौकट घ्यायची, समोरचं दृश्य निवडायचं, बाकीची दृश्यं तो स्वतः मांडतो. फक्त एक गोष्ट आपल्या नजरेनं तपासायची. भारतात प्रथम कोन पद्धत चालते : वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. अमेरिकी पुस्तकांत आणि व्हिडिओंत याच्या उलट, तृतीय कोन. परदेशी व्हिडिओ पाहून कुणी सेटिंग बदललं असेल तर ड्रॉइंग सुंदर दिसतं, पण वर्कशॉपमध्ये आरशातला ब्रॅकेट तयार होऊ शकतो. छाटलेल्या शंकूची जी खूण चौकटीत असते, ती बघूनच कागद पुढे पाठवावा.

७. डबा मिळाला, कृती नाही

आता तो मूळ प्रश्न : कारखान्यात चालेल का? म्हणजे, फाइल त्यांच्या संगणकावर उघडेल का?

`.FCStd` फाइल व्यावसायिक सॉफ्टवेअर उघडत नाही आणि त्यांच्या खासगी फाइली फ्रीकॅड उघडत नाही. मधला मार्ग म्हणजे स्टेप नावाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना. फ्रीकॅड तो लिहितो आणि वाचतो, बाकी सगळेही. स्टेप फाइल उघडली की ब्रॅकेट तंतोतंत येतो, 9 चं भोक 9 चंच. पण मागची पावलं येत नाहीत. सावजीचा रस्सा डब्यात मिळाला, चव तीच, पण मसाला कशाचा, किती भाजला, ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ज्याला मोजायचं आहे, सीएनसीवर कापायचं आहे, त्याचं काम डब्यानं होतं. ज्याला जाडी 6 ची 8 करायची आहे, त्याचं होत नाही. म्हणून काम देताना आधी विचारावं : तुम्हाला भाग बनवायचा आहे की बदलायचा? बदलायचा असेल तर मूळ फाइलही द्यावी, आणि ती उघडायला लागणारा प्रोग्रॅम फुकट उतरवता येतो हेही सांगावं.

सपाट ड्रॉइंगची गोष्ट थोडी वेगळी. बाजारात डीडब्ल्यूजी फाइल सर्रास फिरते आणि फ्रीकॅड ती थेट वाचत नाही. वेगळा रूपांतर करणारा प्रोग्रॅम बसवावा लागतो. समोरच्याला डीएक्सएफ पाठवायला सांगितलं तर हा खटाटोप वाचतो. नुसतं सपाट काम करायचं असेल, प्लॅन किंवा लेझर कटिंगचा नमुना, तर लिब्रेकॅड हलकं आहे आणि जुन्या लॅपटॉपवर पळतं.

आकाराचं गणित सांभाळणारा फ्रीकॅडचा गाभा त्याचा स्वतःचा नाही, हेही सांगायला हवं. तो ओपन कॅस्केड नावाचा आहे. फ्रान्समधल्या मात्रा दाताव्हिजन कंपनीनं तो 1999 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ओसडॅग नावाचं पोलादी बांधकामाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवतो. ते आयएस 800 या भारतीय संहितेनुसार जोड तपासतं. त्यातला त्रिमिती जोडही याच गाभ्यावर उभा आहे. म्हणून सिव्हिलच्या विद्यार्थ्याला ओसडॅगमधला जोड फ्रीकॅडमध्ये आणून फिरवून बघता येतो. शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून चाललेलं हे काम आहे, आणि आपल्या पोरांपर्यंत ते हवं तितकं पोचलेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

८. जिथे अडतं

गाभ्याची एक उणीव गोलायांमध्ये जाणवते. शेजारच्या पृष्ठापेक्षा मोठी गोलाई मागितली, किंवा तीन-चार गोलाया एका कोपऱ्यात भेटल्या, की फ्रीकॅड हात वर करतो. महागडे प्रोग्रॅम तिथे बरेचदा मार्ग काढतात. त्रिज्या थोडी कमी करणं, किंवा गोलाया एकेक करून वेगळ्या क्रमानं देणं, एवढाच उपाय आपल्याकडे असतो. भाग एकत्र जोडायचा विभाग 1.0 पासूनच मूळ प्रोग्रॅममध्ये आला, तो अजून कोवळा आहे. दहा-वीस भागांचा पंप त्यात जोडता येतो, शेकडो भागांच्या यंत्रावर तो दमतो.

नोकरीच्या जाहिरातीत विशिष्ट सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं असतं, तेही खरं. मुलाखतीत त्यावर भाग करून दाखवायला लावतात. त्याची बटणं कुठे आहेत हे फ्रीकॅड शिकवत नाही. त्यासाठी कॉलेजचे ते दोन तास जपून ठेवायचे. लॅबमध्ये बसून मोकळीक म्हणजे काय ते शिकण्यात वेळ घालवायचा नाही. ते घरी करून जायचं, आणि लॅबमध्ये फक्त तोच ब्रॅकेट त्या सॉफ्टवेअरवर परत घडवायचा, घड्याळ लावून.

विद्यार्थिनीनं पुढच्या आठवड्यात तेच केलं. घरी फ्रीकॅडवर ब्रॅकेट, त्याचं घनफळ वहीत. मग लॅबमध्ये त्याच मापांचा ब्रॅकेट महागड्या सॉफ्टवेअरवर, आणि त्याचंही घनफळ. ती वही घेऊन आली तेव्हा दोन आकडे एकाखाली एक होते. पहिला 46,859, खाचेसकट. दुसरा 47,874. फरक 1,015 चा. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "सर, लॅबमध्ये जाडी आठ करून बघितली होती, मग परत सहा केली. भोकं पाचच खोल राहिली असतील काय?" हिशेब केला. भोकांची मिळून एक मिलिमीटर खोली म्हणजे 507. पाच खोल असती तर फरक 507 चा आला असता. 1,015 म्हणजे बरोबर दोन मिलिमीटर. भोकं चारच खोल होती.

तिनं वहीत 4 लिहून त्याभोवती गोल केला, आणि लॅबची पुढची वेळ गुरुवारी दुपारची आहे असं सांगून उठली.